आधी वाट, मग सोफा: छोट्या हॉलची मांडणी

हॉल लहान असला की बहुतेक जण एकच उपाय करतात. सगळं सामान भिंतीला चिकटवायचं आणि मधली जागा मोकळी सोडायची. रिकाम्या खोलीच्या फोटोत हे छान दिसतं. राहायला लागल्यावर कळतं की मोकळी जागा मधोमध असल्यामुळे जो तो मधूनच चालतो. सोफ्यावरचा माणूस आणि समोरच्या खुर्चीवरचा माणूस बोलत असतात आणि त्यांच्या मधून दर पाच मिनिटांनी कुणीतरी जात असतं. जागा मोकळी असूनही तिथे काही ठेवता येत नाही आणि धड बसताही येत नाही.

मी हे बरीच वर्षं केलं. टीपॉयचा कोपरा नडगीला लागायचा, मी टीपॉय सहा इंच सरकवायचो, मग तो दुसऱ्या कुणाला लागायचा. माझी चूक टीपॉयच्या जागेत नव्हती, क्रमात होती. मी आधी सोफा कुठे बसतो ते बघत होतो आणि चालायची वाट उरलेल्या जागेतून आपोआप निघेल असं धरून चाललो होतो. क्रम उलटा केल्यावर त्याच खोलीत तेच सामान बरंचसं मावलं. तो क्रम असा.

पहिलं काम: माणसं कुठून जातात ते बघा

मेजरिंग टेप काढण्याआधी एक दिवस नुसतं लक्ष ठेवा. मुख्य दारातून आलेला माणूस कुठे जातो? आतल्या खोलीकडे, बाल्कनीकडे, खिडकीकडे? दोन दारांमध्ये माणूस नेहमी जवळात जवळची रेघ पकडतो. तुम्ही कितीही सुंदर वळणाची वाट आखली, तरी थोडी जवळची फट दिसली की तो तिथूनच जाणार. म्हणून या रेघेशी भांडायचं नाही. फार तर तिला हलकंसं वळण द्यायचं.

दिवसभर बघितल्यावर जमिनीवर मास्किंग टेप लावा. दारापासून दारापर्यंत दोन समांतर पट्ट्या, मध्ये ३ फूट अंतर. ही झाली मुख्य वाट. ज्या वाटेने दिवसातून एखाददोन वेळाच जायचं असतं, उदाहरणार्थ खिडकी उघडायला, तिच्यासाठी २ फूट ठेवले तरी चालतात.

हे आकडे आले कुठून? मोठ्या माणसाचे खांदे साधारण दीड फूट भरतात आणि चालताना अंग थोडं डुलतं. २ फुटांतून माणूस सरळ जातो, पण हातात कपड्यांची बादली असेल तर त्याला तिरकं व्हावं लागतं. अडीच फुटांत बादलीसकट जाता येतं. ३ फुटांत समोरून दुसरा आला तरी अंग चोरून दोघं निघतात. घरात कुणी वॉकर किंवा चाकाची खुर्ची वापरत असेल तर ३ फुटांच्या खाली तडजोड करू नका, आणि वळणावर त्याहून थोडी जास्तच जागा सोडा.

दार उघडतं ती जागाही टेपने आखून घ्या. दाराची फळी ३ फुटांची असेल तर बिजागरीपासून ३ फुटांचा पाव वर्तुळाचा तुकडा कायमचा रिकामा राहणार. तिथे चपलांचं कपाट ठेवलं की दार अर्धंच उघडतं आणि प्रत्येक जण आत येताना आडवा होतो.

दुसरं काम: सामानाचं खरं माप

आता सामान मोजायचं, पण ते बंद असतानाचं नव्हे, वापरात असतानाचं माप घ्यायचं. नवखा माणूस हमखास चुकतो तो इथे. लिहिण्याचं टेबल पावणेदोन फूट खोल आहे म्हणून पावणेदोन फूट जागा ठेवली, तर बसणारा कुठे बसणार? खुर्ची मागे ओढून उठायला टेबलाच्या कडेपासून आणखी अडीच फूट लागतात. म्हणजे त्या टेबलाची खरी खोली सव्वाचार फूट. कपाटाचा खण ओढला की तो दीड फूट बाहेर येतो आणि त्याच्यासमोर माणसाला उभं राहायलाही जागा हवी.

सोफ्याचं माप सोपं असतं, बहुतेक सोफे अडीच ते तीन फूट खोल असतात. पण सोफ्यासमोर पाय असतात हे विसरायचं नाही. सोफा आणि टीपॉय यांच्यात दीड फूट ठेवा. तेवढ्यात बसलेल्याचे पाय मावतात आणि पुढे वाकलं की टीपॉयवरचा कप हाताला लागतो. अंतर एक फुटावर आलं की गुडघे अडतात, दोन फुटांपुढे गेलं की कप उचलायला उठावं लागतं. हा दीड फूट पायांचा आहे. तो वाटेत धरू नका. ज्या घरात टीपॉयच्या अलीकडची ही फट हीच मुख्य वाट असते, तिथे दर वेळी बसलेल्याला पाय उचलावे लागतात.

तिसरं काम: कशाला कुठे जागा

वाट आखली, मापं घेतली. आता खोलीचे भाग पाडायचे. छोट्या हॉलमध्ये दोन, फार तर तीन भाग मावतात: बसायचा, कामाचा किंवा जेवणाचा, आणि दाराजवळचा ठेवाठेवीचा. चौथा भाग घुसवायला गेलात की तो वाटेतच येतो.

कुठला भाग कुठे, हे ठरवायला मी एकच प्रश्न विचारतो: इथे माणूस किती वेळ बसून राहतो? जिथे तासभर बसायचं ती जागा वाटेपासून आत, खोलीच्या टोकाला किंवा बंद कोपऱ्यात. जिथे येऊन काहीतरी घेऊन जायचं, म्हणजे किल्ल्या, बूट, पिशव्या, ती जागा वाटेला लागून. मधल्या वेळाची कामं, जशी टेबलावर बसून पाऊण तास लिहिणं, वाटेच्या जवळ चालतात, पण खुर्ची मागे ओढल्यावर ती वाटेत येता कामा नये.

यात एक अट पाळायची. बसायच्या भागातल्या सगळ्या जागा वाटेच्या एकाच बाजूला हव्यात. सोफा इकडे आणि खुर्च्या पलीकडे असं झालं की बैठकीच्या मधून रस्ता गेला म्हणून समजा. त्यासाठी एक खुर्ची कमी करावी लागली तरी करा. वाटेपलीकडच्या त्या खुर्चीवर तसंही कुणी बसत नाही, तिच्यावर धुतलेले कपडे साठतात.

एक खोली मांडून बघू

समजा हॉल १० फूट रुंद आणि १४ फूट लांब आहे. मुख्य दार १० फुटांच्या भिंतीत, डाव्या कोपऱ्यात आहे आणि आत उघडून डाव्या भिंतीकडे जातं. दारात उभं राहिलं की खिडकी समोरच्या, दूरच्या भिंतीत. आतल्या खोल्यांकडे जायची मोकळी चौकट उजव्या भिंतीत आहे. दाराच्या भिंतीपासून मोजलं तर ती ५ फुटांवर सुरू होते आणि ८ फुटांवर संपते.

सामान असं: ६ फुटांचा सोफा, २ फूट ९ इंच खोल, सव्वादोन फुटांच्या दोन आरामखुर्च्या, अडीच फूट लांब आणि दीड फूट रुंद टीपॉय, साडेतीन फुटांचं, सव्वा फूट खोल टीव्ही युनिट, साडेतीन फूट लांब, पावणेदोन फूट खोल लिहिण्याचं टेबल आणि त्याची खुर्ची, बुटांचं एक फूट खोल, ३ फूट लांब कपाट.

जुनी मांडणी नेहमीसारखी. सोफा डाव्या भिंतीच्या मधोमध, दारापासून ४ ते १० फुटांवर. टीव्ही उजव्या भिंतीला, चौकटीच्या पुढे. दोन्ही खुर्च्या दाराकडच्या उजव्या कोपऱ्यात. टेबल खिडकीखाली, उजेड येतो म्हणून. बुटांचं कपाट दाराशेजारी, दाराच्याच भिंतीला.

यावर टेप लावून बघितली की गोंधळ उघडा पडतो. मुख्य दारातून आतल्या चौकटीकडे जाणारी तिरकी वाट बरोबर सोफा आणि खुर्च्या यांच्या मधून जाते, म्हणजे बैठक दुभंगलेली. शिवाय टेबल खोलीच्या टोकाला असल्याने तिथे जाणारा प्रत्येक जण सोफा आणि टीव्ही यांच्यामधून जातो. एका खोलीत दोन वाटा झाल्या आणि दोन्ही बैठकीतून गेल्या.

आता नवी मांडणी. मुख्य वाट पहिल्या ८ फुटांतच संपते, कारण आतली चौकट तिथेच आहे. म्हणजे खिडकीकडचे शेवटचे ६ फूट कुणाच्याही वाटेत नाहीत. बैठक तिथे न्यायची.

सोफा डाव्या भिंतीलाच ठेवायचा, पण खिडकीकडे सरकवून. पडद्यासाठी ३ इंच सोडले की तो दारापासून पावणेआठ फुटांवर सुरू होतो. टीव्ही युनिट समोर उजव्या भिंतीला, चौकट संपल्यावर ३ इंच सोडून. बसणाऱ्याच्या डोळ्यांपासून टीव्हीचा पडदा ८ फुटांच्या आसपास पडतो, ४३ इंची टीव्हीला ते अंतर ठीक आहे. सोफ्यापासून दीड फूट सोडून टीपॉय ठेवला की त्याच्या पलीकडे युनिटपर्यंत ३ फूट उरतात. खिडकीकडे जायची वाट तीच. एक आरामखुर्ची खिडकीखाली, उजवीकडच्या बाजूला, टीपॉयकडे तोंड करून. दुसरी खुर्ची आतल्या खोलीत गेली. ती बसवायचा मी कागदावर बराच प्रयत्न केला, पण प्रत्येक वेळी ती एक तर युनिटच्या खणांपुढे येत होती किंवा वाटेत.

राहिलं टेबल. ते वाटेजवळ आणायचं, दाराच्या भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे पूर्वी खुर्च्या होत्या. पहिला विचार येतो तो दाराच्या भिंतीला लांब बाजू लावण्याचा. तसं केलं तर खुर्ची मागे ओढल्यावर सव्वाचार फुटांपर्यंत येते. सोफ्याच्या टोकापर्यंत साडेतीन फूट उरतात, आकड्यात वाट शाबूत आहे. पण लिहिणाऱ्याच्या अगदी पाठीमागून सगळे जातात. मागून कुणी सतत जात असेल तर माणूस तिथे बसायचं टाळतो आणि वही घेऊन सोफ्यावर जातो.

म्हणून टेबल फिरवायचं. लांब बाजू उजव्या भिंतीला, दाराच्या भिंतीपासून अर्धा फूट सोडून. टेबल ४ फुटांवर संपतं, चौकट ५ फुटांवर सुरू होते, म्हणजे आत जाताना कोपरा लागत नाही. खुर्ची आता खोलीच्या मधल्या दिशेने ओढली जाते आणि पूर्ण ओढली तरी डाव्या भिंतीपासून पावणेसहा फुटांवर थांबते. कुणी बसलेलं असेल तर दारातून येणारा थोडा डावीकडून जातो आणि वळतो, पण वाट कुठेही ३ फुटांच्या खाली येत नाही. कुणी बसलेलं नसताना खुर्ची आत सरकवली की तिरकी रेघ जवळजवळ मोकळी होते.

बुटांचं कपाट डाव्या भिंतीला, दाराची फळी जिथे संपते त्याच्या अर्धा फूट पुढे. ते फक्त एक फूट बाहेर येतं आणि आत येणाऱ्याच्या डाव्या हाताला असतं. त्याच्यासमोर कुणी वाकून उभं राहिलं तरी दुसऱ्याला मागून जाता येतं.

टेबलाला खिडकीचा उजेड मिळत नाही, हा या मांडणीतला तोटा. तिथे भिंतीवर एक दिवा लावावा लागतो. मला तो सौदा परवडला. तुम्ही दिवसभर टेबलावर काम करत असाल तर कदाचित परवडणार नाही, मग खिडकीकडे टेबल आणि वाटेजवळ बैठक अशी अदलाबदल करून मापं पुन्हा घ्या. तेव्हा बैठक लहान होईल आणि बहुधा दोन माणसांच्या सोफ्यावर भागवावं लागेल.

सोफा उचलण्याआधी कागद

हे सगळं आधी कागदावर करा. चौकटीच्या वहीत एक घर म्हणजे अर्धा फूट धरलं तर १० बाय १४ चा हॉल २० घरं रुंद आणि २८ घरं लांब होतो. सामानाचे तुकडे त्याच मापाने कापून फिरवत राहा. खुर्च्या आणि खणांसाठी वेगळ्या रंगाचे तुकडे कापा, म्हणजे बाहेर आलेली जागाही दिसते.

पण वहीवर पटलं म्हणून लगेच सोफा ओढू नका. रद्दीचे कागद जोडून सामानाच्या मापाचे तुकडे जमिनीवर पसरा आणि एक संध्याकाळ तसेच राहू द्या. घरातल्यांना काही सांगू नका. कोण कुठल्या कागदावर पाय देतंय ते बघा. पाय पडलेला कागद म्हणजे वाट अडवणारं सामान. कागदाला उंची नसते एवढी एकच उणीव, म्हणून सोफ्याच्या टोकाच्या जागी एखादी साधी खुर्ची उभी करून ठेवा. कमरेच्या उंचीला काही असलं की माणूस जमिनीवरच्या खुणेपेक्षा जास्त लांबून जातो.

भाग वेगळे दिसावेत म्हणून

वाट मोकळी राहायची तर भागांच्या कडा डोळ्यांना दिसायला हव्यात, नाही तर महिनाभरात टीपॉय पुन्हा मधोमध सरकतो. छोट्या खोलीत सगळ्यात चांगली कड म्हणजे गालिचा. सोफ्याचे पुढचे पाय त्यावर, टीपॉय पूर्ण त्यावर, आणि गालिचा वाट सुरू होण्याआधी संपलेला. वाटेच्या मधोमध गालिच्याची कड आली की पाय अडकतो, म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत ते धोक्याचंच. घसरत असेल तर खाली रबरी जाळी घाला.

दुसरी कड उजेडाची. बैठकीला एक दिवा, टेबलाला वेगळा. मधोमध छताला एकच दिवा असला की रात्री सगळा हॉल एकसारखा दिसतो. वायर मात्र भिंतीच्या कडेने न्या. उभ्या दिव्याची वायर वाट ओलांडत असेल तर तो दिवा चुकीच्या बाजूला आहे.

मधे उंच फडताळ उभं करून भाग पाडण्याच्या फंदात पडू नका. दहा फूट रुंदीत त्याने दोन कोंदट खोल्या होतात. काही ठेवायचंच असेल तर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या खाली, म्हणजे तीन-साडेतीन फुटांपर्यंत.

चुकलंय हे कसं ओळखायचं

मांडून झाल्यावर आठवड्याने घर बघा. एखादी खुर्ची रोज जागेवर परत ठेवावी लागते का? ती वाटेत आहे. गालिच्याचा एकच कोपरा सारखा दुमडतो का? तिथून पाय जातोय. सोफ्याच्या हाताच्या पुढच्या टोकावर कापड घासल्यासारखं दिसतंय? लोक त्याला घासून जातात, सोफा तीन-चार इंच सरकवा. आणि रात्री दिवा न लावता मुख्य दारापासून आतल्या चौकटीपर्यंत हळूहळू चालून बघा. हात आपोआप पुढे गेला, पाऊल चाचपडलं, तर तिथे काहीतरी आड येतंय. मग दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन, दिवा लावून, तेच करा.

काही खोल्यांत मात्र कितीही फिरवलं तरी जमत नाही. रुंदी आठ फुटांच्या आसपास असेल तर समोरासमोर सोफा आणि टीव्ही युनिट ठेवून, टीपॉय ठेवून, वर ३ फुटांची वाट निघत नाही. हिशेब करून बघा: पावणेतीन फूट सोफा, दीड फूट पाय, दीड फूट टीपॉय, सव्वा फूट युनिट, झाले ७ फूट. उरला १ फूट. तिथे टीपॉय काढून सोफ्याच्या हाताशी छोटं स्टूल ठेवा आणि टीव्ही भिंतीवर लावा, की सव्वापाच फुटांची मोकळी जागा मिळते. त्यातला दीड फूट पायांचा धरला तरी पावणेचार फूट वाट राहते. आणि खोलीला तीन-चार दारं असतील, प्रत्येक भिंतीत एक, तर सरळ मान्य करा की हा हॉल मुळात चौक आहे. बैठक ज्या कोपऱ्यात दोन दारांच्या मध्ये सगळ्यात लांब सलग भिंत आहे तिथे दोघा-तिघांपुरती बसवा, आणि बाकीची जागा येण्याजाण्याला सोडून द्या.